आधी शब्द, मग फोटो

बेंगळुरूच्या चिकपेटेत गेलेल्या माणसाला साड्यांचे दुकान शोधावे लागत नाही. मेट्रोच्या स्टेशनातून वर आले की डोळे जातील तिकडे साड्याच. मोठ्या पेढ्या रस्त्यावर आणि लहान दुकाने गल्ल्यांत, अशी या बाजाराची जुनी रीत आहे. अशाच एका गल्लीत, जेमतेम दहा फूट रुंदीच्या गाळ्यात, इरकली साड्या विकणाऱ्या एका मराठी बाईंची ही गोष्ट. त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही. गिऱ्हाइके त्यांना काकू म्हणतात, आपणही काकूच म्हणू.

बेंगळुरूत मराठी दुकानदार कुठून आले, असे कुणाला वाटेल. पण 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले, तेव्हापासून या गावात मराठी बोलले जाते. जुन्या पेठांतली अनेक घरे आजही घरात मराठी, दुकानात कन्नड आणि मारवाडी व्यापाऱ्यांशी हिंदी अशी तीन भाषांत नांदतात. काकूंचे घर त्यांतलेच.

दुकान चालत होते ते ओळखीवर. गेल्या काही वर्षांत मात्र पुणे, सोलापूर, कोल्हापूरकडची गिऱ्हाइके व्हॉट्सॲपवर फोटो मागू लागली. काकूंनी फोटो काढायला सुरुवात केली आणि साड्या परत येऊ लागल्या.

त्यांतली एक साडी आपण नीट पाहू. फोटोखाली काकूंनी लिहिले होते, "सुंदर हिरवी इरकल, रेशमी काठ, पारंपरिक पदर." पुण्याच्या बाईंनी पैसे पाठवले, साडी गेली आणि आठव्या दिवशी परत आली. सोबत चिठ्ठी होती. हिरवी म्हणालात, ही तर निळसर आहे. काठ एवढा रुंद असेल असे वाटले नव्हते. आणि रेशीम म्हणालात ते हेच का?

काकूंनी दोष दिला फोनला. नवा, महागाचा फोन घेतला. कुणीतरी सांगितले म्हणून गोल रिंगसारखा दिवाही आणला. फोटो उजळ आले, पण साडी अधिकच खोटी दिसू लागली. ते साहजिकच होते. फोनच्या अगदी मागून, समोरून पडणारा प्रकाश कापडावरच्या सगळ्या बारीक सावल्या पुसून टाकतो, आणि विणीचा उठाव दिसतो तो त्या सावल्यांमुळेच. वर काठावर चमक मारत होती, त्यामुळे तो प्लास्टिकच्या फितीसारखा दिसे.

बदल घडला तो एका साध्या फोनमुळे. पण त्यासाठी आधी इरकल साडीची थोडी ओळख हवी.

बागलकोट जिल्ह्यातले इलकल हे बेंगळुरूपासून सुमारे 400 किलोमीटरवरचे गाव. आपण मराठीत त्याचेच इरकल केले. या साडीचे तीन भाग: अंग, काठ आणि पदर. अंग बहुधा सुती, काठ आणि पदर रेशमाचे किंवा रेशमासारख्या कृत्रिम धाग्याचे. या धाग्याला तिकडे 'चमका' म्हणतात. पदर लाल, त्यात पांढरी नक्षी. तीन लाल पट्टे आणि त्यांच्यामध्ये दोन पांढऱ्या नक्षीचे पट्टे, ही जुनी मांडणी. तिला 'टोपतेनी' म्हणतात. नक्षीलाही नावे आहेत. कंगव्याच्या दातांसारखी ती 'हणिगे', कोटाच्या तटासारखी ती 'कोटि कम्मळी'. काठांनाही नावे आहेत: गोमी, परासपेट, गाडी.

या साडीचे खरे वैशिष्ट्य मात्र सांध्यात आहे. अंगाचे उभे धागे वेगळे आणि पदराचे उभे धागे वेगळे असतात. मागावर हे दोन्ही ताणे एकमेकांत फास घालून, धाग्याला धागा अडकवून जोडतात. याला 'कोंडी' म्हणतात. म्हणूनच अस्सल इरकलीचा पदर लखलखीत लाल दिसतो, कारण त्याचा उभा धागाही लाल आणि आडवाही लाल. यंत्रमागावरच्या नकलेत अंगाचाच उभा धागा पदरात पुढे जातो. अंग हिरवे असेल तर लाल पदरात हिरवा धागा मिसळतो आणि पदर मळकट, विटकरी दिसतो. खऱ्या-खोट्याची ही खूण घरी बसूनही पाहता येते. पदराच्या दशा उलगडून उभ्या धाग्याचा रंग पाहावा.

आता तो फोन. काकूंना माल देणारे व्यापारी इलकलचे, वयाने साठीच्या पुढचे. काकू त्यांना अण्णा म्हणतात, ते काकूंना अक्का. अण्णा फोटो पाहत नाहीत. परत आलेल्या साडीच्या जागी तशीच दुसरी मागवायला काकूंनी फोन केला आणि फोटो पाठवते म्हणाल्या.

"फोटो कशाला अक्का? तोंडानं सांगा की. अंग कशाचं?"

"सुती."

"उभा कोणता, आडवा कोणता?"

"उभा हिरवा, आडवा निळा."

"काठ?"

"गोमी, तीन इंची, लाल."

"पदर चमका की रेशीम? कोंडीचा ना?"

"चमका. कोंडीचा."

"लांबी? ब्लाउजपीस धरून का सोडून?"

काकूंनी सांगितले. दोन मिनिटांत ऑर्डर झाली. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आले की पुण्याच्या बाईंनी ज्या तीन तक्रारी केल्या होत्या, त्या तिन्हींची उत्तरे आपण आत्ताच, न अडखळता, अण्णांना दिली. साडी हिरवी नव्हतीच. उभा धागा हिरवा आणि आडवा निळा, म्हणजे धूपछांव. काठ तीन इंची होता, हे त्यांना पाठ होते. आणि पदर चमक्याचा होता. घेताना त्या इतक्या नेमक्या होत्या आणि विकताना मात्र "सुंदर हिरवी इरकल" लिहून मोकळ्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उलटा क्रम धरला. फोन हातात घेण्याआधी वहीत साडीचे वर्णन लिहायचे. अण्णा जे जे विचारतील ते सगळे त्यात आलेच पाहिजे. 'सुंदर', 'आकर्षक', 'रिच लुक' हे शब्द वहीत नाहीत, कारण अण्णा त्यांवर माल पाठवणार नाहीत. मग प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारायचे, हे फोटोत कुठे दिसेल?

परत आलेल्या त्या साडीचेच वर्णन त्यांनी पहिल्यांदा लिहिले. ते असे होते:

"अंग सुती, उभा धागा हिरवा, आडवा निळा. समोरून पोपटी-हिरवी, तिरकी धरली की मोरपिशी. काठ गोमी, लाल, तीन इंच. पदर टोपतेनी, चमका (कृत्रिम रेशीम), कोंडीचा सांधा. लांबी साडेपाच मीटर, ब्लाउजपीस वेगळा नाही. वजन अमुक ग्रॅम."

वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केले होते. हे वाचताच फोटो किती आणि कसे, ते आपोआप ठरले.

पहिली ओळ घ्या. दोन रंगांचे कापड एका फोटोत दाखवताच येत नाही, कारण रंग बदलतो तो पाहण्याच्या कोनावर. म्हणून काकूंनी साडीची एक घडी टेबलावर सपाट ठेवली आणि दुसरी हातावरून खाली सोडली, म्हणजे तिला वळण आले. वळणाच्या एका बाजूला हिरवा, दुसऱ्या बाजूला निळा. एकाच चित्रात दोन्ही रंग दिसले.

पण तेवढ्याने भागले नाही. दुकानात वर पिवळसर दिवे होते. साड्या उठून दिसाव्यात म्हणून ते मुद्दाम लावलेले असतात. पिवळसर उजेडात निळा प्रकाश कमी असतो. म्हणून निळा आडवा धागा दबला आणि साडी नुसती हिरवी दिसली. पुण्यात खिडकीशी उलगडली तेव्हा तो निळा पुन्हा वर आला. म्हणजे फसवणूक कुणी केली नव्हती, ती दिव्यांनी केली होती. काकू आता फोटोच्या वेळी दुकानातले सगळे दिवे बंद करतात. सकाळी दहाच्या सुमारास, ऊन गल्लीत उतरण्याआधी, दाराशी टेबल ओढतात. नळीचा उजेड आणि दिवसाचा उजेड एकत्र आला तर काहीच खरे राहत नाही. एका बाजूने साडी निळी आणि दुसऱ्या बाजूने पिवळी दिसते, आणि फोन बिचारा मधलेच काहीतरी पकडतो.

इथे आणखी एक फसगत झाली. पावसाळ्यात समोरच्या दुकानदाराने गल्लीवर निळे प्लास्टिक ताणले. त्या आठवड्यातले सगळे फोटो निळसर आले. ते काकूंना कळले कागदामुळे. साडीच्या कडेला एक साधा पांढरा कागद ठेवून पहिला फोटो काढायची सवय त्यांनी लावून घेतली होती. फोटोत कागद पांढरा दिसला तर रंगाची गाडी रुळावर आहे. निळा किंवा पिवळा दिसला तर उजेड बदला, साडीला दोष देऊ नका. आपल्यापैकी कुणी घरून साड्या, दागिने किंवा लोणची विकत असेल, तर या दोन पैशांच्या कागदाइतके उपयोगी साधन दुसरे नाही.

आता काठ. "तीन इंच" लिहिले की ते मोजून दाखवणे आले. काकूंनी शिंप्याची फीत काठावर आडवी ठेवून फोटो काढला. त्यांच्या जावेला हे अगदीच गद्य वाटले. "फोटोत टेप कसली ठेवता वहिनी, साडीची शोभा जाते." काकूंनी ऐकले नाही. आमच्या मते बरे केले. मांडलेल्या घडीच्या फोटोत काठ किती रुंद हे समजायला काहीही आधार नसतो. त्यात फोन जवळ नेला की जवळची वस्तू प्रमाणाबाहेर मोठी आणि लांबची बारीक दिसते. काकू आता दोन पावले मागे जातात आणि फोनमध्ये दुप्पट जवळचे दृश्य निवडतात. काठ सरळ रेषेत येतो, कडांना फुगत नाही.

सगळ्यात छळले ते पदराने. वर्णनात "लाल जमिनीवर पांढरी नक्षी" असे लिहिलेले, आणि फोटोत मात्र लाल रंगाचा एक सपाट डाग. नक्षीच्या कडा वितळल्यासारख्या. काकूंना वाटले फोन बिघडला. खरे कारण असे आहे. फोनचा कॅमेरा तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन रंग वेगवेगळे मोजतो. इरकलीचा लाल इतका भडक की त्यातले तांबड्याचे माप काठोकाठ भरते. भरलेल्या भांड्यात आणखी ओतले तरी पातळी वाढत नाही, तसे गडद लाल आणि फिका लाल सारखेच नोंदले जातात आणि धाग्यांमधला फरक नाहीसा होतो. उपाय सोपा आहे. पडद्यावर पदराच्या लाल भागावर बोट टेकवायचे आणि बाजूला येणारी सूर्याची खूण थोडी खाली ओढायची. फोटो किंचित अंधारा वाटतो, पण लाल पट्ट्यातल्या विणीच्या रेघा परत दिसू लागतात. रेघा दिसल्या की थांबायचे, त्याहून खाली गेले की तो लाल मरून करवंदी होतो.

काळ्या चंद्रकळेला हेच उलटे लागू पडते. कॅमेरा समोर आलेले सगळे मध्यम उजळ मानून चालतो. काळी साडी फोटोभर पसरली की त्याला वाटते अंधार पडला, मग तो उजेड वाढवतो आणि चंद्रकळा राखी होते. तिथेही सूर्य खाली ओढावा लागतो. पांढऱ्या किंवा मोतिया साडीला मात्र वर, नाहीतर ती धुवायला टाकल्यासारखी मळकी येते. "काळी" असे वहीत लिहिलेले नसते, तर राखी फोटो चुकला आहे हे पाहणाऱ्याच्या लक्षातही आले नसते. वर्णन आधी लिहिण्याचा हा मोठा फायदा. फोटो तपासायला हातात काहीतरी असते.

राहिला तो चमका. काकूंना सगळ्यात जड गेली ती ही ओळ. "कृत्रिम रेशीम" लिहिले की गिऱ्हाईक जाईल, अशी भीती. पण खोटे लिहिणे धंद्यालाच नव्हे, कायद्यालाही चालत नाही. 2020 च्या ई-कॉमर्सच्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे माल जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. अस्सल रेशमासाठी सिल्क मार्कची खूण 2004 पासून आहे, आणि ज्या केंद्रीय रेशीम मंडळाने ती सुरू केली त्याचे मुख्यालय याच बेंगळुरूत आहे. ज्या साडीवर ती खूण नाही, तिच्याबद्दल शंका आली तर काकू पदराच्या दशेतला एकच धागा काढतात आणि वाटीवर चिमट्याने धरून जाळतात. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, ते सावकाश जळते आणि मागे राहिलेला काळा मणी बोटाने चुरगळतो. चमका कागदासारखा भुरकन पेटतो आणि मऊ राख सोडतो. धागा पेटताच लगेच निर्णय द्यायची घाई करू नये. एकाच पदरात दोन्ही धागे असू शकतात, म्हणून उभा आणि आडवा दोन्ही वेगळे तपासावेत.

चमका लिहिल्यावर गिऱ्हाइके गेली का? काही गेली. पण नवल असे की राहिलेल्यांनी तेच पाहून घेतले. रोज ऑफिसला नेसायला, धुवायला सोपी आणि किमतीत बसणारी साडी त्यांना हवी होती. रेशीम मागणाऱ्यांना काकू रेशमी पदराच्या साडीचे वेगळे वर्णन आणि वेगळा भाव पाठवतात. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले की फरक दिसतो. रेशमाची चमक मऊ, कोनाप्रमाणे सरकणारी. चमक्याची चमक काचेसारखी, एका जागी थांबणारी.

कोंडीचा फोटो काढायची कल्पना मात्र काकूंची स्वतःची. साडी उलटी करून, अंग आणि पदर जिथे भेटतात ती रेघ अगदी जवळून टिपायची. फासांची बारीक ओळ दिसते. आधी हा फोटो कुणी मागतच नव्हते, कारण तो मागायचा असतो हेच माहीत नव्हते. आता पुण्याच्या त्याच बाई, ज्यांनी पहिली साडी परत पाठवली होती, फोनवर म्हणतात, "काकू, आधी मागची बाजू दाखवा."

सगळेच फोटोत उतरत नाही, हेही काकूंनी मान्य केले आहे. कापडाचा हात, म्हणजे बोटांना लागणारा पोत, फोटोत येत नाही. रंग प्रत्येकाच्या फोनवर थोडा वेगळा दिसतो, त्याला त्यांच्याकडे इलाज नाही. तिथे पुन्हा शब्दच लागतात, आणि तेही जपून. 'चिंतामणी' म्हटले की सोलापूरच्या बाईंच्या डोळ्यांपुढे एक रंग येतो आणि बेंगळुरूत वाढलेल्या त्यांच्याच भाचीपुढे काहीच येत नाही. म्हणून काकू नावासोबत घरातली वस्तू देतात. आमसुली म्हणजे भिजवलेल्या आमसुलाच्या पाण्यासारखा नाही, कोरड्या आमसुलासारखा. पोपटी म्हणजे कच्च्या कैरीच्या सालीपेक्षा एक छटा उजळ. कच्चा रंग असेल तर तेही लिहितात. त्यासाठी ओला पांढरा रुमाल काठावर घासून पाहतात आणि रुमालाला डाग लागला तर "पहिली धुलाई वेगळी, मिठाच्या पाण्यात नव्हे, साध्या थंड पाण्यात" अशी ओळ जोडतात. मिठाने रंग पक्का होतो हा समज आहे खरा, पण आधीच रंगवून विणलेल्या धाग्याचा कच्चा रंग मिठाने बसत नाही.

सध्या काकूंची झटापट चालू आहे ती खणांशी. गुळेदगुड्डचे खण त्यांनी नुकतेच ठेवायला सुरुवात केली. खणाची नक्षी रंगापेक्षा विणीच्या उठावातून दिसते, आणि दाराशी सरळ उजेडात ती पार सपाट होते. वर्णनात "बारीक बुट्टी, बोटाला जाणवणारी" असे लिहिले आहे, पण फोटोत बोटाला काही जाणवत नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी खण टेबलावर पसरून उजेड अगदी कडेने, जवळजवळ कापडाला घासून येईल असे टेबल फिरवले. बुट्ट्यांना एका बाजूला सावली पडली आणि त्या वर आल्या. पण खणाची चुणीही तितकीच वर आली. आता इस्त्री करून पुन्हा काढायचे आहेत, आणि त्यासाठी आज सकाळी दुकानात इस्त्रीसाठी वेगळे बटण बसवायला वायरमन आला आहे.